वजा एक रेणू पाणी: अमिनो आम्लापासून प्रथिनापर्यंत

वरण, भात आणि वर तुपाची धार. या एका ताटात जैवरेणूंचे तीन मोठे गट एकत्र येतात. भातातला स्टार्च हे कर्बोदक, तूप हा मेद म्हणजे लिपिड आणि वरणात डाळीची प्रथिने. चव, स्पर्श, शरीरातले काम या सगळ्यांत हे तिघे एकमेकांपासून अगदी वेगळे आहेत. त्यांची जुळणी मात्र एकाच रीतीने होते. दोन लहान रेणू शेजारी येतात, एकाकडून OH जातो, दुसऱ्याकडून H जातो, त्या दोघांचे पाणी बनते आणि उरलेले भाग एकमेकांना जोडले जातात. या प्रक्रियेला संघनन म्हणतात. याच्या उलट, पाण्याचा रेणू परत आत शिरून जोड तोडतो, ते जलअपघटन. जेवण पचणे म्हणजे मुख्यतः जलअपघटनच.

बारावीच्या जैवरेणूंच्या प्रकरणात ग्लायकोसिडिक बंध, एस्टर बंध आणि पेप्टाइड बंध अशी तीन नावे येतात. विद्यार्थी ती तीन वेगळ्या गोष्टी म्हणून पाठ करतात. कर्बोदकातला जोड ग्लायकोसिडिक, मेदातला एस्टर आणि प्रथिनातला पेप्टाइड. तिन्हींचा हिशेब एकच आहे: प्रत्येक जोडामागे एक रेणू पाणी वजा. हा हिशेब आधी सोप्या ठिकाणी पाहिला की पेप्टाइड बंधाचे वेगळेपण कशात आहे ते नेमके कळते.

कर्बोदके: साखरेचे मणी

ग्लुकोजचे सूत्र C₆H₁₂O₆ आणि रेणुवस्तुमान 180. ग्लुकोजचा एक रेणू आणि फ्रुक्टोजचा एक रेणू जोडला की आपली रोजची साखर, म्हणजे सुक्रोज, मिळते. फ्रुक्टोजचे सूत्रही C₆H₁₂O₆ हेच आहे. दोघांची बेरीज 360, पण सुक्रोजचे रेणुवस्तुमान 342 भरते. कमी पडलेले 18 म्हणजे बाहेर गेलेला पाण्याचा एक रेणू.

हेच पाणी परत आत कसे जाते, ते गुलाबजामच्या पाकात घडते. पाक उकळताना त्यात लिंबाचा रस पिळतात, कारण नुसत्या साखरेचा पाक थंड झाल्यावर त्यात खडे धरतात. लिंबातले आम्ल आणि उष्णता यांच्यामुळे काही सुक्रोजमध्ये पाणी शिरते आणि त्याचे पुन्हा ग्लुकोज व फ्रुक्टोज होते. अशा मिश्रणात सुक्रोजचे स्फटिक सहज बांधले जात नाहीत आणि पाक सैल राहतो. हा बदल प्रयोगशाळेतही तपासता येतो. शुद्ध सुक्रोज फेहलिंगच्या द्रावणाला दाद देत नाही, कारण ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोघांचेही क्रियाशील टोक जोडात अडकलेले असते. तोच सुक्रोज सौम्य आम्लाबरोबर उकळून, आम्ल उदासीन करून पुन्हा तपासला की विटकरी रंगाचा साका बसतो. जोड तुटल्याचा तो पुरावा असतो.

ग्लुकोजचे शेकडो-हजारो रेणू याच पद्धतीने एकामागून एक जोडले की स्टार्च तयार होतो. मात्र जोडाची दिशा महत्त्वाची ठरते. स्टार्चमध्ये जोड अल्फा प्रकारचा असतो, कापसातल्या किंवा पालेभाजीच्या देठातल्या सेल्युलोजमध्ये तो बीटा प्रकारचा असतो. दोन्हींतला मणी ग्लुकोजच आहे, पण माणसाच्या लाळेतला आणि आतड्यातला अमायलेज हा विकर फक्त अल्फा जोड तोडू शकतो. म्हणून भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोडसर लागू लागतो, कारण स्टार्च तुटून माल्टोज सुटू लागलेला असतो. देठातले सेल्युलोज मात्र न पचता चोथा म्हणून पुढे जाते.

मेद: तीन जोड, पण साखळी नाही

तूप, तेल, लोणी यांतला मुख्य रेणू म्हणजे ट्रायग्लिसराइड. ग्लिसरॉलला तीन OH गट असतात. प्रत्येकाशी एकेक मेदाम्ल जोडले जाते आणि तीन एस्टर बंध तयार होतात. मेदाम्ल म्हणजे कार्बनची लांब शेपटी आणि टोकाला COOH गट. ग्लिसरॉलचे रेणुवस्तुमान 92 आणि 18 कार्बनच्या स्टिअरिक आम्लाचे 284. ग्लिसरॉल एक आणि स्टिअरिक आम्ले तीन मिळून 944 होतात. तीन जोड म्हणजे तीन रेणू पाणी, म्हणजे 54 वजा. उरले 890, आणि ट्रायस्टिअरिनचे रेणुवस्तुमान तेवढेच आहे.

इथे एक फरक लक्षात ठेवावा लागतो. स्टार्च आणि प्रथिन यांची साखळी वाढत जाऊ शकते, म्हणून ते बहुवारिक आहेत. ट्रायग्लिसराइडमध्ये तीन जोड झाले की जागा संपते. मेद बहुवारिक नसतो. शिवाय लिपिड हा गट बंधावरून ठरवलेला नाही, विद्राव्यतेवरून ठरवलेला आहे. पाण्यात न विरघळणारे पण ईथर, क्लोरोफॉर्म अशा द्रावकांत विरघळणारे जैवरेणू ते लिपिड. त्यामुळेच ट्रायग्लिसराइडशी रचनेत काहीही साम्य नसलेले कोलेस्टेरॉलही याच गटात मोडते. पेशीच्या पटलातले फॉस्फोलिपिडही लिपिडच. त्यात तिसऱ्या मेदाम्लाच्या जागी फॉस्फेटचा गट येतो.

तूप थंडीत घट्ट होते आणि शेंगदाण्याचे तेल सहसा पातळ राहते, याचे उत्तर शेपट्यांच्या आकारात आहे. स्टिअरिक आम्लाची शेपटी सरळ असते. अशा शेपट्या एकमेकींना चिकटून नीट रचल्या जातात आणि ते सुमारे 69 अंश सेल्सिअसला वितळते. ओलिइक आम्लातही कार्बन 18 च, पण मध्ये एक दुहेरी बंध असल्यामुळे शेपटीला बाक येतो. बाकदार शेपट्यांची रचना सैल राहते आणि ते सुमारे 13 अंशांनाच वितळते.

एस्टर बंधात पाणी परत शिरले की काय होते, ते शिळ्या लोण्याच्या वासावरून कळते. लोण्यात पाण्याचा अंश बराच असतो. सूक्ष्मजीवांचे लायपेज विकर त्या पाण्याच्या साहाय्याने एस्टर बंध तोडतात, त्यातून चार कार्बनचे ब्युटिरिक आम्ल सुटे होते आणि लोणी खवट लागते. लोणी कढवून तूप करताना हे पाणी उडून जाते. तूप महिनोन्‌महिने टिकते, त्यामागचे हे एक मोठे कारण आहे.

अमिनो आम्ल: दोन टोके असलेला मणी

आता प्रथिनांच्या मण्याकडे. अमिनो आम्लात मधोमध एक कार्बन असतो, त्याला अल्फा कार्बन म्हणतात. त्याला चार गोष्टी जोडलेल्या असतात: अमिनो गट NH₂, कार्बोक्सिल गट COOH, एक हायड्रोजन आणि चौथ्या जागी पार्श्वशाखा. पार्श्वशाखेसाठी पाठ्यपुस्तकांत R हे अक्षर वापरतात. पहिल्या तीन गोष्टी सगळ्यांत सारख्या असतात. R बदलला की अमिनो आम्ल बदलते. R च्या जागी नुसता हायड्रोजन असेल तर ते ग्लायसिन. मिथिल गट CH₃ असेल तर ॲलनिन. सजीवांच्या प्रथिनांत नेहमी आढळणारी अशी 20 अमिनो आम्ले आहेत. काहींच्या शाखा तेलकट, म्हणजे पाण्यापासून दूर राहणाऱ्या. काहींच्या विद्युतभारित, पाण्यात रमणाऱ्या.

यांपैकी 9 अमिनो आम्ले प्रौढ माणसाच्या शरीराला स्वतः बनवता येत नाहीत, ती आहारातूनच मिळावी लागतात. वाढत्या मुलांना आर्जिनिनही आहारातून लागते, म्हणून पाठ्यपुस्तकांत ही यादी 10 नावांची दिसते. तांदळात लायसिन कमी आणि डाळीत मिथिओनिन कमी. डाळीत लायसिन भरपूर, तांदळात मिथिओनिन पुरेसे. वरण आणि भात एकत्र खाल्ले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो.

अमिनो आम्लाचे एक वैशिष्ट्य पेप्टाइड बंध समजण्यासाठी फार उपयोगी आहे. त्याच्या एका टोकाला आम्ल आणि दुसऱ्या टोकाला आम्लारी असे दोन्ही गट एकाच रेणूत असतात. त्यामुळे COOH मधला प्रोटॉन रेणूतल्याच NH₂ कडे जातो. पाण्यातले ग्लायसिन खरे तर H₂N–CH₂–COOH असे नसून H₃N⁺–CH₂–COO⁻ असे असते. एकाच रेणूवर धन आणि ऋण असे दोन्ही भार वागवणाऱ्या या रूपाला झ्विटर आयन म्हणतात. म्हणूनच एवढासा रेणू असूनही ग्लायसिन मिठासारखा स्फटिकी असतो, पाण्यात सहज विरघळतो आणि तापवल्यास दोनशे अंशांच्या पुढे जाऊन वितळताना विघटित होतो.

ग्लायसिन आणि ॲलनिन यांचा जोड

पेप्टाइड बंध कसा तयार होतो ते या दोन सर्वांत साध्या अमिनो आम्लांवरून पायरीपायरीने पाहता येते. डावीकडे ग्लायसिन लिहावे, उजवीकडे ॲलनिन. दोघांचाही NH₂ डावीकडे आणि COOH उजवीकडे ठेवावा.

H₂N–CH₂–COOH + H₂N–CH(CH₃)–COOH

मध्यभागी ग्लायसिनचा COOH आणि ॲलनिनचा NH₂ समोरासमोर आले. COOH मधून OH जातो, NH₂ मधून एक H जातो. उरतात CO आणि NH. या दोघांतला कार्बन आणि नायट्रोजन जोडले जातात.

H₂N–CH₂–CO–NH–CH(CH₃)–COOH + H₂O

मधला CO–NH हा जोड म्हणजे पेप्टाइड बंध. रसायनशास्त्राच्या भाषेत तो अमाइड बंधच आहे. तयार झालेला रेणू दोन अमिनो आम्लांचा, म्हणून डायपेप्टाइड, आणि त्याचे नाव ग्लायसिलॲलनिन. ग्लायसिनचे रेणुवस्तुमान 75, ॲलनिनचे 89, बेरीज 164. पाण्याचे 18 वजा केले की 146, आणि ग्लायसिलॲलनिनचे रेणुवस्तुमान 146 आहे. साखर आणि तूप यांत केलेलीच ही वजाबाकी आहे.

आता या रेणूची दोन टोके पाहावीत. डावीकडे ग्लायसिनचा NH₂ अजून मोकळा आहे, त्याला N-टोक म्हणतात. उजवीकडे ॲलनिनचा COOH मोकळा आहे, ते C-टोक. टोके मोकळी असल्यामुळे तिसरे अमिनो आम्ल जोडता येते, मग चौथे, आणि साखळी वाढत जाते. सरळ साखळीत n अमिनो आम्ले असतील तर पेप्टाइड बंध n वजा 1 होतात आणि पाण्याचे रेणूही तितकेच बाहेर पडतात. परीक्षेत या ठिकाणी होणाऱ्या दोन चुका ठरलेल्या आहेत. पहिली चूक म्हणजे जितकी अमिनो आम्ले तितके बंध मोजणे. दुसरी म्हणजे ॲस्पार्टिक आम्ल किंवा लायसिन यांच्या पार्श्वशाखेतल्या COOH किंवा NH₂ गटाला बंधात ओढणे. प्रथिनाच्या साखळीत पेप्टाइड बंध अल्फा कार्बनवरच्या गटांतच होतो. पार्श्वशाखा साखळीच्या बाजूला मोकळ्या राहतात.

दिशेचा मुद्दाही इथेच येतो. ॲलनिन डावीकडे आणि ग्लायसिन उजवीकडे ठेवून हाच जोड केला तर ॲलनिलग्लायसिन मिळते. अणू तेच, वस्तुमान तेच 146, पण रेणू वेगळा, कारण N-टोकाला आता ॲलनिन आहे. स्टार्चमध्ये सगळे मणी ग्लुकोजचेच असल्यामुळे मण्यांच्या क्रमाचा प्रश्नच येत नाही. प्रथिनात 20 प्रकारचे मणी आहेत. तीन वेगवेगळी अमिनो आम्ले एकेकदा वापरली तरी 6 निरनिराळी ट्रायपेप्टाइडे होतात. प्रथिनांचे वेगळेपण इथे आहे. जोडण्याची रीत कर्बोदकांची आणि मेदांची तीच, पण क्रमाला अर्थ असतो.

तो अर्थ किती नेमका असतो, ते सिकलसेल आजारातून कळते. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत 146 अमिनो आम्ले असतात. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असायला हवे. सिकलसेलमध्ये तिथे व्हॅलिन असते, आणि बाकीच्या 145 जागा जशाच्या तशा असतात. व्हर्नन इनग्रॅम यांनी 1957 साली हा एका जागेचा फरक दाखवून दिला. ग्लुटामिक आम्लाची शाखा ऋणभारित, व्हॅलिनची तेलकट. ऑक्सिजन सोडलेले हिमोग्लोबिन या तेलकट ठिगळामुळे एकमेकांना चिकटते, त्याचे लांब धागे बनतात आणि गोल लाल पेशी विळ्यासारखी वाकडी होते. एक ऋणभार गेल्यामुळे हे हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात वेगळ्या गतीने सरकते. रक्ततपासणीत ते इलेक्ट्रोफोरेसिसने ओळखले जाते, ते याच फरकावरून. महाराष्ट्रात गडचिरोली, नंदुरबार अशा आदिवासीबहुल जिल्ह्यांत हा आजार मोठ्या प्रमाणात आढळतो.

नुसते मिसळून का जमत नाही

कागदावर OH आणि H खोडून पेप्टाइड बंध क्षणात होतो. प्रत्यक्षात ग्लायसिन आणि ॲलनिन पाण्यात मिसळून ठेवले तर काहीही घडत नाही. कारण वर आलेच आहे. दोन्ही रेणू झ्विटर आयनाच्या रूपात असतात. नायट्रोजनवर जोड करण्यासाठी लागणारी इलेक्ट्रॉनांची मोकळी जोडी प्रोटॉनने अडवलेली असते आणि COO⁻ गट OH सोडायला तयार नसतो. त्यात भोवती पाणीच पाणी असताना पाणी बाहेर काढणारी प्रक्रिया ऊर्जेच्या दृष्टीने चढाची ठरते. शिवाय कसेबसे जोड घडवून आणले तरी ग्लायसिलॲलनिन, ॲलनिलग्लायसिन, ग्लायसिलग्लायसिन आणि ॲलनिलॲलनिन अशा चारही डायपेप्टाइडांची खिचडी हाती येते.

प्रथिने म्हणजे अमिनो आम्लांच्या अमाइड बंधांनी जोडलेल्या साखळ्या, ही मांडणी 1902 साली फ्रान्झ हॉफमाइस्टर आणि एमिल फिशर यांनी स्वतंत्रपणे केली. फिशर यांनी पुढे प्रयोगशाळेत एकेक जोड करत 1907 पर्यंत 18 अमिनो आम्लांची साखळी बांधली. तिच्यात 15 ग्लायसिन आणि 3 ल्युसिन होते. एवढ्या लहान साखळीसाठी त्या काळच्या सर्वांत कुशल रसायनशास्त्रज्ञाला अनेक वर्षे राबावे लागले.

पेशी हेच काम सेकंदांत करते. त्यासाठी ती आधी अमिनो आम्लाला ऊर्जा देऊन सज्ज करते. ठरावीक विकर ATP खर्च करून अमिनो आम्लाचा COOH गट सक्रिय करतो आणि त्याला tRNA नावाच्या वाहक रेणूवर चढवतो. प्रत्येक अमिनो आम्लाचा वाहक वेगळा असतो. हे भरलेले वाहक रायबोसोमवर ठरलेल्या क्रमाने येतात. तिथे नव्या अमिनो आम्लाचा NH₂ वाढत्या साखळीच्या C-टोकावर हल्ला करतो, पेप्टाइड बंध होतो आणि जुना tRNA सुटून जातो. म्हणजे रायबोसोमवर त्या क्षणी पाणी बाहेर पडत नाही, tRNA बाहेर पडतो. पाठ्यपुस्तकातले समीकरण सुरुवात आणि शेवट यांचा हिशेब सांगते, मधल्या पायऱ्या सांगत नाही. हिशेब मात्र अचूक आहे. जिवाणूंमध्ये या पद्धतीने दर सेकंदाला साधारण 15 ते 20 अमिनो आम्ले जोडली जातात. रायबोसोमची रचना उलगडल्याबद्दल व्यंकटरामन रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि आडा योनाथ यांना 2009 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्या रचनेतून हेही स्पष्ट झाले की रायबोसोममध्ये पेप्टाइड बंध जुळतो त्या जागी प्रथिन नसून RNA आहे.

ताठ बंध आणि साखळीची घडी

पेप्टाइड बंध C–N असा एका रेघेने दाखवतात, पण तो पूर्णपणे एकेरी नसतो. नायट्रोजनवरची इलेक्ट्रॉनांची जोडी शेजारच्या CO गटाशी वाटून घेतली जाते. साध्या एकेरी C–N बंधाची लांबी सुमारे 1.47 अँगस्ट्रॉम, तर पेप्टाइड बंधाची सुमारे 1.33 असते, म्हणजे तो दुहेरी बंधाकडे झुकलेला. याचा परिणाम असा की हा बंध स्वतःभोवती फिरू शकत नाही आणि त्याच्या आजूबाजूचे सहा अणू एका सपाट पट्टीत राहतात. साखळी म्हणजे जणू अशा ताठ पट्ट्या बिजागऱ्यांनी जोडलेल्या. बिजागरी म्हणजे अल्फा कार्बन, वळणे फक्त तिथेच.

लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1951 मध्ये अल्फा हेलिक्स हा मळसूत्री आकार सुचवला, तो या सपाटपणाचा आधार घेऊनच. अल्फा कार्बनच्या दोन्ही बाजूंना कोणते कोन शक्य आहेत आणि कोणते अणूंच्या टकरीमुळे अशक्य, याचा नकाशा मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1963 साली प्रसिद्ध केला. नव्या प्रथिनाची रचना बरोबर काढली आहे का, हे तपासण्यासाठी जगभर आजही रामचंद्रन आलेख वापरतात.

अमिनो आम्लांचा क्रम ही प्रथिनाची प्राथमिक रचना. हेलिक्स किंवा पट्ट्या ही द्वितीयक. संपूर्ण साखळीची घडी ही तृतीयक, आणि हिमोग्लोबिनसारख्या अनेक साखळ्या एकत्र आल्या की चतुर्थक. पेप्टाइड बंध फक्त पहिली पातळी धरून ठेवतात. वरच्या पातळ्या मुख्यतः हायड्रोजन बंध आणि इतर दुबळ्या आकर्षणांवर उभ्या असतात. अंडे उकडले की पांढरा बलक घट्ट होतो, तो या दुबळ्या बंधांची घडी उसवून साखळ्या एकमेकींत गुंतल्यामुळे. त्यातले पेप्टाइड बंध शाबूत राहतात.

ते शाबूत आहेत हे बाययुरेट चाचणीने दाखवता येते. नमुन्यात सोडियम हायड्रॉक्साइड घालून मोरचुदाच्या सौम्य द्रावणाचे काही थेंब टाकले की जांभळा रंग येतो. उकडलेल्या बलकातही तो येतोच. या चाचणीची एक मर्यादा आहे. जांभळ्या रंगासाठी रेणूत किमान दोन पेप्टाइड बंध लागतात. म्हणून सुटी अमिनो आम्ले हा रंग देत नाहीत, आणि एकच बंध असलेले ग्लायसिलॲलनिनही देत नाही.

इन्सुलिनचे 49 बंध

पेप्टाइड बंध फार चिवट असतो. विकर नसेल तर साध्या तापमानाच्या पाण्यात तो शेकडो वर्षे टिकू शकतो. प्रयोगशाळेत तो तोडण्यासाठी प्रथिन तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात 110 अंशांवर सुमारे 24 तास ठेवतात. एवढे करूनही उत्तर अपुरे मिळते. ट्रिप्टोफॅन या प्रक्रियेत नष्ट होते. शिवाय सगळे मणी सुटे झाल्यामुळे कोणते किती होते ते कळते, क्रम कळत नाही.

क्रम शोधण्याचे काम केंब्रिजमध्ये फ्रेडरिक सँगर यांनी 1940 च्या दशकात इन्सुलिनवर सुरू केले. त्यांनी N-टोकाच्या मोकळ्या अमिनो गटाला चिकटणारे पिवळे रसायन वापरले. मग साखळी तोडली की पिवळे झालेले अमिनो आम्ल म्हणजे पहिला मणी. इन्सुलिनमध्ये त्यांना ग्लायसिन आणि फेनिलॲलनिन असे दोन पिवळे मणी मिळाले. त्यावरून साखळ्या दोन आहेत हे कळले. पुढे साखळ्यांचे लहानलहान तुकडे करून, एकमेकांवर येणारे तुकडे जुळवत त्यांनी पूर्ण क्रम लावला. 1955 पर्यंत इन्सुलिनची संपूर्ण रचना समोर आली आणि 1958 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. प्रत्येक प्रथिनाला अमिनो आम्लांचा एकच ठरलेला क्रम असतो, हे या कामामुळे सिद्ध झाले.

या रेणूवर वरचा हिशेब करून पाहता येतो. इन्सुलिनच्या A साखळीत 21 आणि B साखळीत 30 अमिनो आम्ले आहेत, एकूण 51. घाईत 51 वजा 1 असे 50 बंध मोजले जातात, पण साखळ्या दोन आहेत. A मध्ये 20 आणि B मध्ये 29, म्हणून पेप्टाइड बंध 49. साखळ्यांना एकत्र धरणारे आणि A साखळीला आतून बांधणारे मिळून तीन डायसल्फाइड बंध आहेत. ते सिस्टीन या अमिनो आम्लाच्या गंधकांमध्ये होतात. त्यांच्यात पाणी बाहेर पडत नाही, प्रत्येकी दोन हायड्रोजन जातात. हे बंध पेप्टाइड बंधांत मिळवायचे नसतात.

मधुमेहात इन्सुलिन टोचून का घ्यावे लागते, याचे मुख्य उत्तरही या 49 बंधांत आहे. गोळी करून गिळले तर जठरातले पेप्सिन आणि लहान आतड्यातले ट्रिप्सिन व कायमोट्रिप्सिन त्याला वरणातल्या प्रथिनासारखेच वागवतात. ट्रिप्सिन लायसिन आणि आर्जिनिन यांच्या पुढचा बंध तोडते, कायमोट्रिप्सिन मुख्यतः फेनिलॲलनिन, टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन यांच्या पुढचा. प्रत्येक तुटत्या बंधात पाण्याचा एक रेणू परत शिरतो, आणि रक्तात पोहोचेपर्यंत इन्सुलिन उरत नाही, उरतात फक्त सुटी अमिनो आम्ले आणि त्यांचे लहान तुकडे.